पश्चिमेची खोली, तिसरीतला मुलगा आणि फसलेला पिस्ता: अभ्यासही व्हावा, झोपही लागावी असा रंग कोणता?

रेवती_परभणी · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही परभणीत राहतो, घर वरच्या मजल्यावर आहे. मुलगा तिसरीत गेला, म्हणून आतली १० बाय ११ ची खोली त्याला दिली. तिथेच त्याचं टेबल आणि तिथेच त्याचा पलंग. खिडकी एकच, ४ बाय ४ ची, पश्चिमेला. टेबल उत्तरेच्या भिंतीला लावलंय, म्हणजे लिहिताना खिडकी डाव्या हाताला येते. पलंगाची उशी पूर्वेच्या भिंतीला.

सध्या भिंतींना जुनं पिवळं डिस्टेंपर आहे. रंगारी पंधरा दिवसांनी येणार. मी शेड कार्डवर पिस्ता निवडला होता, कार्डावर अगदी दुधात थेंबभर हिरवा टाकल्यासारखा दिसत होता. बघू म्हणून उत्तरेची पूर्ण भिंत रंगवून घेतली. आता संध्याकाळी पाचला मुलगा अभ्यासाला बसतो तेव्हा ती भिंत जळकट पिवळी दिसते, आणि रात्री ट्यूब लावली की औषधाच्या दुकानाच्या पाटीसारखी हिरवीगार. एकाच भिंतीचे दोन रंग, आणि दोन्ही नको वाटतात. मुलगा म्हणतो, "आई, ही भिंत माझ्याकडे बघायली." हे ऐकल्यापासून मला चैन नाही.

त्याला स्वतःला केशरी हवाय. मला त्याचं मन मोडायचं नाही, पण केशरी खोलीत झोप कशी लागणार? तुम्ही काय केलंत ते सांगा.

गोदातीर (नांदेड) · रात्री १०:०५

ताई, डोळे झाकून आकाशी द्या. निळा रंग मन शांत करतो, हे सगळीकडे मान्य आहे. आमच्या दोन्ही पोरींच्या खोलीला आकाशी दिलाय, छतालासुद्धा. पाच वर्षं झाली, काही तक्रार नाही. केशरी, लाल, पिवळा हे तापट रंग. अभ्यासाच्या खोलीत नकोतच.

वसंतराव_बीड · रात्री १०:३१

विद्यार्थ्याच्या खोलीला हिरवा शुभ असतो, त्यामुळे पिस्ता काढू नका असं माझं मत. उशी पूर्वेला आहे ते उत्तम.

दुसरी गोष्ट, वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत म्हणजे खोली तापणारच. गच्चीवर पांढरा रंग मारा. मी तीन वर्षांपूर्वी गच्चीला चुन्याचे दोन हात दिले, तेव्हापासून दुपारी खालच्या खोलीत पाय टेकवतो. गच्ची आधी स्वच्छ धुवायची, भेगा बुजवायच्या आणि मग चुना. पावसाळ्यानंतर तो जातो, दरवर्षी मारावा लागतो.

रेवती_परभणी · रात्री १०:४४

काका, गच्चीचं मनावर घेते. मी विचारायले होते आतल्या भिंतींचं, पण एप्रिल-मेमध्ये पोरगं उकाड्यानेच रात्री दोनदा उठतं, त्यामुळे तुमचंही कामाचंच आहे.

नंदिनी_संभाजीनगर · रात्री ११:२०

रेवतीताई, बारा-चौदा वर्षं घरांच्या आतल्या सजावटीचं आणि प्रकाशयोजनेचं काम करतेय, त्यावरून सांगते. रंग बदलायच्या आधी तीन गोष्टी कळवा. खिडकीला पडदा कोणत्या रंगाचा आहे? ट्यूबच्या खोक्यावर कोणता आकडा लिहिलाय, ६५००, ४००० की ३०००? आणि रात्री खिडकीतून रस्त्यावरचा दिवा आत येतो का?

पिस्ता वाईट निघाला म्हणून तुम्ही रंगाला दोष देताय. पण संध्याकाळी एक आणि रात्री दुसराच दिसतोय, म्हणजे भिंतीवर पडणारा प्रकाश बदलतोय. तो तसाच ठेवून दहा शेड बदलल्या तरी तेच होईल.

रेवती_परभणी · सोमवार, सकाळी ७:१५

पडदा केशरी-विटकरी, लग्नातल्या बेडशीटबरोबर आलेला. ट्यूब २० वॅटची एलईडी, आत्ता स्टुलावर चढून पाहिलं, ६५०० के लिहिलंय. आणि हो, समोरच खांब आहे. पडदा ओढला तरी त्याचा पट्टा पलंगाच्या पायथ्याशी पडतो.

नंदिनी_संभाजीनगर · सकाळी ९:५०

तिन्ही उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून एकेक सोडवू.

आपल्याकडे पश्चिमेचं ऊन दुपारनंतर मावळेपर्यंत थेट खिडकीवर येतं. ते विटकरी पडद्यातून गाळून आलं की खोलीत येणारा सगळा प्रकाश केशरी होतो. हिरव्या भिंतीवर केशरी प्रकाश पडला की हिरवेपणा मरतो आणि खाली मातकट पिवळा उरतो. तुमचा जळकट पिवळा तो हाच. म्हणजे पाच वाजता तुम्ही भिंत बघतच नव्हता, पडदा बघत होता. उद्या पडदा पूर्ण बाजूला सारून, त्या जागी साधी पांढरी चादर लावून त्याच वेळी भिंत बघा.

रात्रीचं वेगळं आहे. ६५०० म्हणजे निळसर पांढरा प्रकाश. त्यात निळ्या-हिरव्याचा भाग जास्त, त्यामुळे पिस्त्यातला हिरवा उठून येतो. त्यात बाजूच्या तिन्ही भिंती जुन्या पिवळ्या. पिवळ्याच्या शेजारी हिरवा ठेवला की तो आणखी निळसर, आणखी टोचरा वाटतो. चारही भिंती रंगल्यावर शेजारच्या पिवळ्याचा हा परिणाम जाईल, पण दुसरा वाढेल. भिंती एकमेकींवर प्रकाश फेकतात, हिरव्यावरून उडालेला प्रकाश पुन्हा हिरव्यावर पडतो, आणि खोली कार्डापेक्षा कितीतरी गडद आणि भडक होते. कार्डावरचा बोटभर तुकडा पांढऱ्या कागदावर एकटा असतो. म्हणून कार्डावर जो आवडला त्याच पट्टीवरचा त्याच्याहून एक-दोन घरं फिका घ्यावा, असं आम्ही लोकांना सांगतो.

आता झोप. आपल्या डोळ्यात बघण्यापलीकडे एक वेगळ्या पेशींची व्यवस्था असते, ती मेंदूला दिवस आहे की रात्र हे कळवते. ती निळसर प्रकाशाला सगळ्यात जास्त जागी होते. मुलांच्या डोळ्याचं भिंग स्वच्छ आणि बाहुली मोठी, त्यामुळे त्यांच्या डोळ्यात हा प्रकाश मोठ्यांपेक्षा जास्त उतरतो. रात्री नऊपर्यंत ६५०० च्या ट्यूबखाली बसवायचं आणि सव्वानऊला झोप म्हणायचं, हे अवघड जातं. झोपेच्या बाबतीत भिंतीच्या रंगापेक्षा हा दिवा फार मोठा आहे.

गोदातीर · सकाळी १०:३०

नंदिनीताई, तुम्ही म्हणता निळा प्रकाश झोप घालवतो. मग माझी आकाशी भिंत चुकीची ठरली का? पोरी तर ठार झोपतात.

नंदिनी_संभाजीनगर · दुपारी १:०५

दादा, भिंत स्वतः प्रकाश देत नाही, जो पडतो त्यातलाच काही परत पाठवते. पिवळसर दिव्यात निळा मुळातच थोडा असतो, त्यामुळे तुमची आकाशी भिंत रात्री परत पाठवणार तरी काय? ती झोप बिघडवत नाही. पण आकाशी म्हणजे झोप, हेही मला पटत नाही. शांत वाटणं हे रंगाच्या नावापेक्षा तो किती भडक आणि किती उजळ आहे यावर जास्त अवलंबून असतं. धुरकट, फिका केशरीसुद्धा शांत वाटेल आणि झगझगीत निळा अस्वस्थ करेल.

आकाशीची खरी अडचण दुसरी. पिवळसर दिव्याखाली तो राखेसारखा मळका दिसतो. तुमच्याकडे रात्री कोणता दिवा असतो?

गोदातीर · दुपारी १:२०

पांढरीच ट्यूब. मळका दिसत नाही त्याचं कारण कळलं. पोरी साडेदहाशिवाय आडव्या होत नाहीत, ते मात्र आम्ही मोबाईलवर ढकलत होतो.

कुंचला_जालना · दुपारी ३:१५

मी रंगारी, बावीस वर्षं झाली हातात ब्रश आहे. ताई, रंगाचं तुम्ही ठरवाच, पण त्याच्याआधी भिंतीचं बघा. जुनं डिस्टेंपर आहे म्हणालात. तळहात भिंतीवर जोरात फिरवा. हाताला पांढरी-पिवळी भुकटी लागली तर त्यावर कुठलंच प्लास्टिक पेंट टिकणार नाही, वर्षा-दोन वर्षांत पापुद्रे निघतात. पूर्ण खरवडायला लावा. पाणी मारून भिजवलं की डिस्टेंपर पत्र्याने सहज निघतं. उत्तरेच्या भिंतीवर त्याने न खरवडताच पिस्ता मारला असेल तर तीही खरवडावी लागेल.

पश्चिमेच्या भिंतीला खाली दीड-दोन फूट लोणा लागलाय का बघा. बोअरच्या खारट पाण्यात गिलावा केलेल्या घरांत आपल्याकडे हे फार. मे महिन्यात भिंत कोरडी दिसते आणि माणूस फसतो. एक फूटभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवा आणि एक दिवस राहू द्या. कागदाच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर ओल भिंतीतून येते. मग आधी बाहेरून भेग किंवा पाइप शोधायचा, भिंत वाळू द्यायची. त्यावर लगेच रंग दिला की पहिल्याच पावसात फुगे.

आणि हो, कडांना, दारा-खिडकीला जुना ऑइल पेंट असेल तर कोरडा घासू देऊ नका. पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. २०१७ च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगात ९० पीपीएमची मर्यादा आली, पण दारावरचा थर त्याआधीचा असतो. पाणी मारून ओला घासायचा आणि तेव्हा पोराला आजीकडे पाठवायचं.

रेवती_परभणी · संध्याकाळी ६:१०

दादा, हात फिरवला, तळवा पिवळा झाला. आणि हो, उत्तरेची भिंत न खरवडताच रंगवलीय, कोपऱ्यात नखाने पापुद्रा निघाला. पश्चिमेला खाली पांढरी बुरशीसारखी भुकटी आहे, ती मी आजवर पुट्टी समजत होते. प्लास्टिक लावलंय.

पडद्याचाही प्रयोग केला. पांढरी चादर लावली तर पाच वाजता भिंत चक्क पिस्ता दिसली. भडक आहेच, पण पिवळी नाही.

लातूरची_आई · रात्री ८:३०

आमचं थोडं वेगळं आहे, म्हणून चालेल का माहीत नाही. मुलगी बारावीला आहे, क्लाससाठी लातुरात खोली घेतलीय, दोघी राहतो. घरमालक खिळासुद्धा ठोकू देत नाही, रंग तर दूरच. भिंत गुलाबी, चकचकीत. दुपारी टेबलावर वाचायला बसलं की खिडकीतला उजेड त्या भिंतीवरून थेट डोळ्यात येतो, तिचं डोकं दुखतं. अशांनी काय करावं?

नंदिनी_संभाजीनगर · रात्री ९:१५

तिच्या डोळ्यासमोर फक्त टेबलामागचा तुकडा असतो, तेवढाच झाका. बिनचमकीचं सुती कापड, जुनी फिकट साडी किंवा खादीचा तागा, दोरीवर टांगा. टेबलापासून वर चार फूट आणि टेबलाच्या रुंदीएवढं पुरे. रंग ज्वारीच्या भाकरीसारखा किंवा कडुलिंबाच्या वाळलेल्या पानासारखा. शुभ्र पांढरं नको. वहीचं पान पांढरं असतं, समोरची भिंत त्याहून थोडी गडद असली की नजर पानावर टिकते. फार गडद झाली तर मान वर करताना दर वेळी डोळ्यांना जुळवून घ्यावं लागतं, म्हणून तेही नको.

रेवतीताई, तुमच्या टेबलामागच्या भिंतीलाही हेच लागू. तिथे चकचकीत रंग नको, मॅटच घ्या. आणि डब्याच्या माहितीपत्रकात किंवा दुकानाच्या संगणकावर एलआरव्ही नावाचा आकडा मिळतो. ती शेड पडलेल्या प्रकाशातला शेकडा किती प्रकाश परत फेकते ते त्यातून कळतं. पांढरं छत ८० च्या वर असतं. तुमच्या भिंतींसाठी ६० ते ७० मध्ये शोधा. ४० च्या खाली गेलात तर भिंती प्रकाश पितात, मग संध्याकाळी त्याच ट्यूबमध्ये टेबल अंधारलेलं वाटतं. ८० च्या वर दुपारचं ऊन आत आलं की डोळे दिपतात.

हिंगोलीचा_बाप · रात्री ९:४०

माझ्या पोराच्या छतावर अंधारात चमकणारे तारे लावलेत, फार आवडतात त्याला. रेवतीताई, तेही लावा. झोप लवकर लागते.

नंदिनी_संभाजीनगर · रात्री ९:५२

पोराला आवडत असतील तर राहू द्या, त्यांचा उजेड अगदी मंद असतो. रेवतीताईंच्या खांबाच्या दिव्याचं त्याने काही होणार नाही, तिथे दुहेरी पडदा लागेल. आतून फिक्या रंगाचा सुती, बाहेरून जाड अस्तराचा. कडेने फट राहू नये म्हणून दांडी चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त हवी.

रेवती_परभणी · मंगळवार, सकाळी ८:००

प्लास्टिकच्या आतून थेंब आले. बाहेरच्या बाजूने मिस्त्रीला दाखवलं, गच्चीच्या पन्हाळीचा पाइप सांध्यात फुटलाय. म्हणजे रंगाचं पुढे ढकलावं लागणार.

पण आता शेड कशी निवडू? परत पूर्ण भिंत रंगवून बघायची हिंमत नाही.

नंदिनी_संभाजीनगर · सकाळी ११:३०

पुढे ढकललंत ते बरं केलंत, वेळ मिळतोय. दुकानात २०० मिलीचा नमुना मिळतो, तीन शेड आणा. मी तुमच्याजागी अशा निवडल्या असत्या: एक राखाडीकडे झुकणारा फिका हिरवा, एक मातकट बदामी-पांढरा, एक धुरकट निळा. तिघांचा एलआरव्ही साठ-सत्तरच्या आत.

भिंतीवर मारू नका, तुमची भिंत पिवळी आहे, ती नजर फसवेल. कोणत्याही दुकानातून मोठ्या खोक्याचा पुठ्ठा आणा, दोन बाय तीन फुटांचे तीन तुकडे कापा. आधी पांढऱ्या प्रायमरचा हात, मग कडेला दोन इंच पांढरी पट्टी सोडून आत रंगाचे दोन हात. पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. दुसरा वाळल्यावरही एक दिवस थांबा, कारण ओला आणि वाळलेला रंग वेगळा दिसतो, बहुधा वाळल्यावर गडद होतो. मग ते पुठ्ठे खोलीभर फिरवा. खिडकीच्या भिंतीला लावून बघा, तिच्या मागून उजेड येत असल्याने तिथे प्रत्येक रंग गडद वाटतो. समोरच्या भिंतीला लावून बघा. सकाळी आठला, संध्याकाळी पाचला, रात्री आठला आणि झोपायच्या वेळचा दिवा लावून.

एक काम मुलाकडे द्या. बुटांची तीन खोकी घ्या, झाकणासकट आतून एकेक रंगाने रंगवायची. वाळल्यावर झाकण लावून एका टोकाला रुपयाएवढं भोक पाडायचं, आणि झाकणाला खिडकीएवढी फट, टॉर्चचा उजेड आत जायला. भोकातून आत बघितलं की भिंती एकमेकींवर प्रकाश टाकून रंग किती घट्ट करतात ते दिसतं. खोलीची ती छोटी नक्कलच असते. तीनपैकी तो एक निवडेल, आणि त्याला केशरी नाकारल्याचं वाईटही वाटणार नाही.

कुंचला_जालना · दुपारी २:४०

पुठ्ठ्याची युक्ती चांगली आहे. फक्त अर्ध्या तीव्रतेचा रंग करून द्या असं दुकानात सांगू नका. काही ठिकाणी मशीनवर करून देतात, पण दुसऱ्या वेळी तोच रंग परत येईल याची खात्री नसते. त्याच पट्टीवरचा फिका नंबर घ्या, नंबर लिहून ठेवा.

रेवती_परभणी · पुढचा सोमवार, रात्री ९:२०

खोकी झाली. मुलाने तिन्हींची नावं ठेवली: कडुलिंब, भाकरी आणि धुकं. त्याने आणि मी वेगवेगळ्या वेळी बघून वहीत लिहिलं.

धुकं सकाळी सुंदर. रात्री दहाच्या पिवळ्या बल्बमध्ये (३००० चा ७ वॅटचा आणलाय) ते खरंच राखेसारखं झालं, मुलगा म्हणाला, "पाऊस पडून गेल्यावरच्या सिमेंटसारखं." भाकरी सगळ्या वेळी सारखीच छान, पण पाच वाजता उन्हात थोडी पिवळी. कडुलिंब संध्याकाळी जरा फिका वाटतो, रात्री ट्यूबमध्ये हिरवा जाणवतो पण ओरडत नाही, आणि पिवळ्या बल्बमध्ये कोवळ्या तुरीच्या शेंगेसारखा नरम होतो. खोक्यात डोकावलं तेव्हा तो पुठ्ठ्यापेक्षा खूपच घट्ट दिसला, आणि तेव्हा पिस्त्याचं काय झालं असतं ते कळलं. मुलाने कडुलिंब निवडला.

केशरीचं त्याने विचारलंच. त्याच्या पाठीमागे, टेबलावर बसल्यावरही दिसत नाही आणि पलंगावर पडल्यावरही दिसत नाही अशी एकच जागा आहे, दाराजवळच्या कपाटाच्या उघड्या खणांची आतली बाजू. तिथे केशरी देते म्हणाले. तो खूश.

आता विचारायचंय ते असं: टेबलाची भिंत थोडी गडद करायची का चारही सारख्या?

वसंतराव_बीड · रात्री ९:४५

चारही सारख्या. एक भिंत वेगळी केली की खोली लहान वाटते.

नंदिनी_संभाजीनगर · रात्री १०:१०

काका, गडद भिंत दूरच्या टोकाची असली तर खोली आखूड वाटते, हे खरं. पण ही भिंत खोलीची लांब बाजू आहे आणि तिच्यासमोर टेबल येतं. मला एक घर गडद आवडेल, एलआरव्ही साधारण ५५ चा. हे माझं मत, चारही सारख्या ठेवल्या तरी बिघडणार नाही. मुलांच्या खोलीत ते कमी गोंधळाचं.

कुंचला_जालना · मंगळवार, सकाळी ७:५०

मी चारही सारख्या म्हणेन. दोन शेड म्हणजे दोन डबे, आणि उद्या पोराने टेबलाच्या भिंतीवर पेन ओढला तर डागडुजीला तोच डबा शोधत बसायचं.

ताई, हिशेब असा. १० आणि ११ ची दुप्पट बेरीज ४२, उंची दहा धरली तर ४२० चौरस फूट. दार-खिडकीचे चाळीसेक वजा, ३८० उरले. चांगल्या प्लास्टिक पेंटमध्ये दोन हातांना एका लिटरला साधारण ६० ते ७० चौरस फूट भिंत होते, नवी पुट्टी जास्त पिते. म्हणजे सहा लिटर. चारचा एक आणि एक-एकचे दोन डबे आले तर तिन्ही एका मोठ्या बादलीत ओतून, नीट ढवळून मगच सुरू करायला सांगा. मशीनवर टिपकाभर फरक पडतोच, भिंतीच्या मधोमध रंग बदललेला दिसला की तो कायम दिसतो.

रेवती_परभणी · सकाळी ८:१५

चारही सारख्याच करते. मॅटवर मात्र माझं मन अडलंय. मुलाचे हात म्हणजे हात नव्हेत, चॉकलेट, पेन्सिल, सगळं. धुता येणारा चकचकीत नको?

कुंचला_जालना · सकाळी ८:४०

धुता येणारं मॅट मिळतं, किंमत जरा जास्त. जोरात घासलं तर तिथे चकचकीत ठिपका पडतो, एवढं लक्षात ठेवा. ओल्या फडक्याने टिपायचं, रगडायचं नाही. चकचकीत घेतलं तर गिलाव्याचा प्रत्येक खड्डा दिसेल, आणि त्याला डावीकडून खिडकीचा उजेड आडवा येणार. तिथे मॅटच.

लातूरची_आई · दुपारी १२:१०

नंदिनीताई, आजीची जुनी फिकट राखी-हिरवी सुती साडी टांगली. तीन दिवस झाले. डोकेदुखी कमी झाली म्हणते, पण परीक्षेचा ताणही आहे, त्यामुळे नक्की काय ते सांगता येत नाही. रात्री साडेनऊनंतर ट्यूब बंद करून टेबल लॅम्पमध्ये पिवळा बल्ब लावतोय.

नंदिनी_संभाजीनगर · दुपारी १२:३०

लॅम्पवर लक्ष असू द्या. लॅम्पमध्येच फक्त उजेड आणि बाकी खोली काळोखी, हेही डोळ्यांना जड जातं. कोपऱ्यात एक मंद पिवळा बल्ब राहू द्या. आणि लॅम्प तिच्या डावीकडे, ती उजव्या हाताने लिहीत असेल तर, नाहीतर हाताची सावली ओळीवर पडेल.

रेवती_परभणी · दीड महिन्यानंतर, शनिवार, रात्री १०:३५

मंडळी, काम झालं, म्हणून लिहायले. पाइप बदलला, भिंत महिनाभर वाळू दिली, दुसऱ्यांदा प्लास्टिक लावलं तेव्हा थेंब नव्हते. चारही भिंती खरवडल्या, पुट्टी, घासणं, प्रायमर, कडुलिंबाचे दोन हात. छत पांढरं. पडदा बदलला, आतून ताकासारखा पांढरा, बाहेरून जाड. खांबाचा पट्टा बंद झाला. ट्यूब ४००० ची आणली. रात्री साडेआठला ती बंद, मग भिंतीवरचा ३००० चा बल्ब.

दोन गोष्टी सांगते, दोन्ही खऱ्या आहेत. पहिले चार दिवस मुलाला पिवळा बल्ब आवडला नाही, "अंधार वाटतो" म्हणाला. पाचव्या दिवशी बसल्या बसल्या पुस्तक छातीवर ठेवून झोपला, सव्वानऊला. रोज असं होत नाही, शनिवारी अजून जागाच असतो. दुसरं, संध्याकाळी पाचला टेबलावर बसला की आता डोळे मिचकावत नाही, पण खिडकीचं ऊन वहीवर सरळ येतं तेव्हा पडदा अर्धा ओढावाच लागतो. रंगाने ते सुटलं नाही.

दाराजवळच्या खणांत केशरी दिलाय. त्यात त्याने क्रिकेटचे चेंडू मांडलेत.

एक अजून. पश्चिमेच्या भिंतीला खाली, अगदी जमिनीपासून चार बोटांवर, परवा हलकी पांढरी भुकटी दिसली. कुंचलादादा, हा जुना लोणा की नवा? पुसून टाकलीय, पण अजून पाऊस यायचाय.

कुंचला_जालना · रविवार, सकाळी ६:५०

पुसली ते बरं केलं, ओल्या फडक्याने नको, कोरड्या ब्रशने. भिंतीत अडकलेलं मीठ पहिल्या हंगामात थोडं बाहेर येतंच. दोन पाऊस जाऊ द्या. रोज त्याच जागी आणि वाढत आली तर ओल अजून आत आहे, मला फोटो टाका. त्याच शेडचा डबा उरला असेल तर झाकण घट्ट लावून गार जागी उलटा ठेवा, डागडुजीला लागेल.